मेकॅनिक दाजींना जुन्या गाडीबद्दल विचारताय? मेसेज असा लिहा

जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बाहेरून काढलेले चार चकचकीत फोटो आणि खाली एक ओळ: "दाजी, ही गाडी कशी आहे? सव्वापाच लाखाला देतोय. घेऊ का?" गॅरेज चालवणाऱ्या नातेवाइकाला येणारे दहातले नऊ मेसेज असेच असतात. आमच्या घरात गॅरेज आहे. भावाचे हात ग्रीसने भरलेले असले की असे मेसेज त्याला मीच वाचून दाखवते. त्याचं उत्तर ठरलेलं: "बघितल्याशिवाय काय सांगू?" समोरच्याला वाटतं, नातेवाईक असून टाळतोय. पण त्या मेसेजवर दुसरं उत्तर देताच येत नाही.

मेकॅनिकला फोनवरून गाडी नाकारता येते, पास करता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. निळा धूर, वेल्डिंग केलेला एप्रन, म्हणजे बॉनेटखाली चाकाच्या वरचा आतला पत्रा, न पटणारं मीटर अशा गोष्टी नीट दाखवल्या तर तो घरबसल्या "सोड" म्हणू शकतो. "घे" म्हणायला मात्र त्याला गाडीखाली जावंच लागतं. म्हणून "घेऊ का?" असं विचारू नका. "तुम्ही येऊन बघावी इतकी बरी वाटते का, की इथेच सोडून देऊ?" असं विचारा. पुढची सगळी तयारी या एका प्रश्नासाठी आहे.

उदाहरणाला एक गाडी घेऊ: २०२५ मध्ये विकायला आलेली, पिंपरी-चिंचवडमधली, जून २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट. दाजींचं गॅरेज कराडला आहे.

## १. आधी एकच गाडी निवडा

पाच गाड्यांच्या लिंक पाठवून "यातली कुठली?" विचारणं म्हणजे आपलं काम दाजींच्या गळ्यात घालणं. कोणतं मॉडेल, पेट्रोल की डिझेल, बजेट किती, हे त्यांच्याशी वेगळं आणि आधीच बोलून घ्या. हा मेसेज फक्त त्याच गाडीबद्दल असावा जी तुम्ही स्वतः बघितली आहे, चालवली आहे आणि कागदांसकट पटत आली आहे. न बघितलेल्या गाडीवर दुसरं मत मागण्यात अर्थ नाही, कारण पहिलंच मत तयार नसतं.

सावधान: मेसेज पाठवण्याआधी टोकन देऊ नका. पाच हजार अडकले की दाजींचा "सोड" कानात शिरत नाही. आणि तुम्ही टोकन देऊन बसलाय हे कळलं की तेही मोकळेपणाने बोलत नाहीत.

## २. कागद तुम्हीच वाचा, दाजींना फक्त विसंगती सांगा

आरसी, विमा पॉलिसी आणि सर्व्हिस रेकॉर्ड हे तीन कागद विकणाऱ्याकडून घ्या. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून मालक कितवा आहे ते, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा आरसीशी ताडून बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. तो मिळणार की नाही हे मालकाला विचारायचं. दाजींना त्यात ओढू नका, त्यांचा विषय लोखंडाचा आहे.

कागद वाचायचे ते तारखा एकमेकींशी जुळतात का हे बघायला. आपल्या स्विफ्टमध्ये काय सापडलं बघा.

नोंदणी जून २०१८ ची, मालक पहिलाच. मग विम्याचं नूतनीकरण दरवर्षी जूनमध्ये व्हायला हवं. पण हातातली पॉलिसी संपते नोव्हेंबरमध्ये. म्हणजे मधे कधीतरी विमा तुटला होता. त्याच पॉलिसीवर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, फक्त २० टक्के आहे. सात वर्षं एकही क्लेम नसता तर ती ५० टक्क्यांवर गेली असती. इथे बहुतेक जण लगेच ठरवून टाकतात की गाडी ठोकलेली आहे. तसंच असेल असं नाही. विमा संपल्यावर ९० दिवसांत नवा केला नाही तरी एनसीबी शून्यावर येते. जून ते नोव्हेंबर हे पाच महिने झाले. नोव्हेंबरमध्ये शून्यापासून सुरुवात झाली असेल तर पुढच्या वर्षीच्या पॉलिसीवर बरोबर २० टक्के दिसतील. तेव्हा या आकड्यावरून अपघात सिद्ध होत नाही. प्रश्न एवढाच उरतो की ते पाच महिने गाडी काय करत होती. मालकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, परगावी होतो, गाडी पार्किंगमध्ये उभी होती. हे उत्तर जसंच्या तसं मेसेजमध्ये जाईल, कारण उभ्या गाडीत काय बघायचं ते दाजींना ठाऊक असतं: बॅटरी, ब्रेक डिस्कवरचा गंज, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग.

दुसऱ्या मालकाच्या गाडीत हा हिशेब लावू नका. एनसीबी मालकाची असते, गाडीची नाही. नव्या मालकाची सुरुवात शून्यापासून होऊ शकते.

आता मीटर. मीटरवर ५२,३०० किमी आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली शेवटची नोंद फेब्रुवारी २०२१ ची, ३६,८०० किमीला. पुढची सर्व्हिस बाहेर झाली, बिलं नाहीत. टायरच्या बाजूवर, डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे चारही टायरवर १७२१ आहे, म्हणजे २०२१ चा सतरावा आठवडा, एप्रिलचा शेवट. कंपनीचे टायर चाळीस हजाराच्या आसपास बदलले असं धरलं तर ते रेकॉर्डशी जुळतं. त्यापुढच्या चार वर्षांत फक्त पंधरा हजार किमी झाले, हे मात्र कमी वाटतं. घरून काम करणाऱ्याची गाडी असेल तर शक्य आहे, नसेल तर मीटर मागे घेतलेला असू शकतो. ही खरी शंका. कागदावरून ती सुटत नाही, म्हणून ती दाजींकडे जाईल. सोबत क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर आणि स्टिअरिंगची झीज दिसेल असा एकेक फोटो.

तपासा: गाडी एमएच ०८, ०९ किंवा १० ची असेल आणि नोंदणी पुराच्या आधीची असेल तर मेसेजमध्ये ते ठळक लिहा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-कोल्हापुरात बऱ्याच गाड्या पाण्यात होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ किंवा डाग दिसला तर त्याचा फोटो सगळ्यात आधी पाठवा.

## ३. थंड इंजिनचा व्हिडिओ

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. आपण पोहोचेपर्यंत विकणाऱ्याने गाडी फिरवून गरम करून ठेवलेली असते. गरम इंजिन गोड वाजतं. पहिल्या स्टार्टला दिसणारा धूर आणि इंजिनच्या आतल्या चेनची खरखर तोवर निघून गेलेली असते.

आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगा, "सकाळी आठला येतो, त्याआधी गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर बॉनेट उघडा आणि इंजिनच्या वरच्या कव्हरला हात लावा. कोमट लागलं तर व्हिडिओ काढा, पण "इंजिन गरम होतं" असं त्याखाली लिहा. हे दडवलंत तर दाजी त्या आवाजावरून चुकीचा निष्कर्ष काढतील.

चार छोटे तुकडे, याच क्रमाने:

पहिला, चावी ऑन करा, इंजिन चालू नको. मीटरवरचे सगळे दिवे दिसले पाहिजेत. मग स्टार्ट करा. चेक इंजिन, एअरबॅग आणि ऑइलचे दिवे विझतात का ते दिसू द्या. चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा मुळात लागलाच नाही, तर तो बिघाडापेक्षा वाईट प्रकार आहे, कारण कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

दुसरा, त्याच पहिल्या स्टार्टच्या वेळी मित्राला त्याचा फोन घेऊन सायलेन्सरच्या मागे उभं करा. चालू होताना आणि नंतर एकदोनदा हलकं रेस केल्यावर निघणारा धूर हवा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. थंडीत सकाळी मिनिटभर दिसणारी विरळ वाफ साधी असते. मेसेजमध्ये हवा कशी होती तेही लिहा.

तिसरा, बॉनेटजवळ फोन स्थिर धरून अर्धा मिनिट इंजिनचा आवाज. एसी बंद, पंखा बंद, गाणी बंद, आणि तुम्हीही गप्प. "हा बघा दाजी, आवाज येतोय ना" या वाक्याखाली तो आवाजच ऐकू येत नाही.

चौथा, इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून भोकाचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा. थोडे शिंतोडे, हलकी वाफ चालते. जोराने भकाभका धूर येत असेल तर दाजी पुढचं काही बघणारच नाहीत. झाकणाखाली पांढरट मलईसारखा थर असेल तर तो जवळून घ्या. पावसाळ्यात कमी अंतर चालणाऱ्या गाडीत थोडा थर दमटपणानेही धरतो, पण ते ठरवायचं काम त्यांचं.

सावधान: गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. कूलंटच्या बाटलीचा बाहेरून फोटो पुरतो.

## ४. फोटो: चमक नको, सांधे हवेत

समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी मिळून चार फोटो काढा आणि तिथे थांबा. बाकीचे फोटो जोडांचे हवेत. बॉनेटखाली दोन्ही बाजूंचे एप्रन, पुढची रेडिएटर पट्टी, फेंडरचे आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट, दरवाजाचं रबर ओढून दिसणारा पिलर, डिकीत स्टेपनी काढून तिच्याखालचा पत्रा. कंपनीतून आलेल्या पत्र्यावर ठरावीक अंतराने गोल खळगे, म्हणजे स्पॉट, दिसतात. ठोकून नीट केलेल्या जागी ते बुजलेले असतात किंवा वरून जाड पेस्टिंग मारलेलं असतं.

सावलीत, फ्लॅश न वापरता, हातभर अंतरावरून काढा. आणि एका बाजूचा फोटो काढला की दुसऱ्या बाजूचा तसाच काढा. मेकॅनिकची नजर फरक शोधते, एकट्या फोटोत त्याला तुलनेला काही मिळत नाही. आपल्या स्विफ्टमध्ये असंच झालं. उजवा हेडलाइट काचेसारखा स्वच्छ आणि डावा पिवळट. उजव्या फेंडरच्या दोन बोल्टवरचा रंगही उडालेला. मालक म्हणतो, बंपर घासला होता. फक्त उजवीकडचा फोटो गेला असता तर त्यात कुणाला काही दिसलं नसतं.

## ५. चालवून झाल्यावर लक्षण लिहा, निदान नको

"सस्पेन्शन गेलंय वाटतं", "गिअरबॉक्सचं काम असेल" असं लिहू नका. तुम्ही निदान लिहिलं की दाजी तेवढ्याच बाजूने विचार करायला लागतात. काय होतं आणि नेमकं कधी होतं, एवढं सांगा. गाडी न्यूट्रलला उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, हे एक वाक्य त्यांना गिअरबॉक्सच्या बेअरिंगपर्यंत नेतं. घरघर क्लच दाबल्यावरच येत असेल तर त्यांचा संशय क्लचच्या बेअरिंगवर जातो. स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू चालवताना कटकट येते, असं लिहिलं की ते एक्सलकडे बघतील. आवाज तिन्ही वेळा तुमच्या कानाला सारखाच वाटेल, फरक "कधी"मध्ये आहे.

आपल्या गाडीत एकच गोष्ट जाणवली: स्पीडब्रेकर हळू ओलांडताना पुढून डावीकडे टक्-टक्, रस्ता सपाट असला की नाही.

## ६. मेसेज

आता सगळं एका मेसेजमध्ये. घाई किती आहे आणि प्रश्न काय आहे ते सगळ्यात वर. मग गाडी, वापर, शंका. शेवटी तुम्ही काय तपासलेलं नाही ते. ही शेवटची ओळ जवळजवळ सगळे गाळतात आणि दाजी समजतात की ते बघून झालंय.

> दाजी, नमस्कार. घाई नाही, रविवारपर्यंत सांगितलंत तरी चालेल. एक गाडी ठरवत आणली आहे. घेऊ का ते विचारत नाही. तुम्ही बघायला यावं इतकी बरी वाटते, की सोडून देऊ, तेवढं सांगा.
>
> स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, मॅन्युअल. जून २०१८, एमएच १४, पहिला मालक, तोच विकतोय, एजंट नाही. मीटर ५२,३००. मागणी सव्वापाच लाख. माझं बजेट कामासकट साडेपाच.
>
> वापर: रोज ऑफिसला येऊन-जाऊन ३० किमी, महिन्यातून एकदा कराड. निदान पाच वर्षं ठेवायची आहे.
>
> शंका तीन आहेत:
> १. उजवा हेडलाइट नवा, डावा जुना. उजव्या फेंडरच्या बोल्टचा रंग उडालाय. मालक म्हणतो बंपर घासला होता. फोटो १ ते ६.
> २. फेब्रुवारी २०२१ ला ३६,८०० ची कंपनीची नोंद आहे, पुढची बिलं नाहीत. टायर २०२१ चे. मधे पाच महिने विमा नव्हता, तेव्हा परगावी होतो, गाडी पार्किंगमध्ये उभी होती म्हणतो. पेडल आणि स्टिअरिंग फोटो ७, ८. मीटर पटतं का?
> ३. स्पीडब्रेकरवर हळू जाताना पुढून डावीकडे टक्-टक्. सपाट रस्त्यावर नाही. ब्रेक, एसी, पिकअप मला ठीक वाटले.
>
> इंजिन थंड होतं, हात लावून बघितलं. व्हिडिओ चार आहेत, क्रमाने.
>
> बघितलेलं नाही: गाडी खालून, स्कॅनर, हायवेला ८० च्या वर.

तपासा: पाठवण्याआधी मेसेज स्वतः वाचा. तुम्हाला फोन न करता दाजींना उत्तर देता येईल का? "कुठल्या सालची?" असा फोन आला तर मेसेज अर्धवट होता.

## ७. पाठवताना

आधी मजकूर, मग फोटो नंबर घालून, मग व्हिडिओ. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून बारीक करतं आणि धुराचा रंग त्यात जातो, म्हणून एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून जोडा. घरच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे मावशी रंगावर बोलणार, चुलतभाऊ मायलेजवर, आणि दाजी सगळ्यांसमोर "भंगार आहे" म्हणायला कचरणार. गॅरेजला सकाळी दहा ते संध्याकाळी सातपर्यंत मान वर करायला वेळ नसतो. रात्री जेवणानंतर पाठवा आणि तासाभरात "बघितलं का?" विचारू नका.

## ८. उत्तर आल्यावर

उत्तर चार शब्दांचं असेल. "उजवा एप्रन जवळून पाठव. स्पॉट दिसू दे." याचा अर्थ ते रस घेतायत. तेवढाच फोटो काढायला पुन्हा जावं लागलं तरी जा, जुन्या फोटोवर झूम करून पाठवू नका. आपल्या गाडीत एप्रनवरचे आणि रेडिएटर पट्टीवरचे स्पॉट दोन्ही बाजूंना सारखे निघाले. म्हणजे मार फेंडर आणि हेडलाइटपर्यंतच होता, सांगाड्याला लागला नव्हता. टक्-टक्वर त्यांचं मत: "लिंक रॉड नाहीतर बुश असेल, त्यासाठी गाडी सोडू नको." मीटरबद्दल: "पेडलचं रबर बरं आहे, पण खात्री देत नाही. स्कॅनर लावू, खालून बघू." स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र.

"सोड" असं उत्तर आलं तर एकदाच कारण विचारा, म्हणजे पुढची गाडी बघताना उपयोग होईल. "पण रंग घरच्यांना आवडलाय" हा मुद्दा मांडू नका.

"बघू" असं उत्तर आलं तर विचारायच्या गोष्टी दोन. पहिलं, गाडी घेतल्यावर सुरुवातीच्या सहा महिन्यांत कोणतं काम निघेल आणि अंदाजे कितीचं. हा आकडा घेऊनच मालकाशी भाव करायचा, पण दाजींचं नाव मधे न आणता. "माझे मेकॅनिक भाऊजी म्हणाले" असं म्हटलं की मालक म्हणतो, त्यांनाच फोन लावा, आणि तुमची घासाघीस त्यांच्या माथी येते.

दुसरं, गाडी बघायची कुठे. कराडहून पुण्याला येणं म्हणजे त्यांचा गॅरेजचा एक दिवस बुडतो. लिफ्ट असलेलं ओळखीचं गॅरेज पुण्यात आहे का विचारा. तिथे गाडी वर घेऊन दाजींना व्हिडिओ कॉलवर खालचा भाग दाखवता येतो. लिफ्ट आणि स्कॅनिंगचे पैसे तुम्ही द्यायचे, व्यवहार झाला नाही तरी. मालक गाडी तिथे आणायला तयार नसेल तर पुढे जाऊ नका.

दाजी स्वतः आलेच तर येण्याजाण्याचं पेट्रोल तुमच्याकडून, आणि दिवसाच्या मजुरीचं घरातून निघण्याआधीच फोनवर बोलून घ्या. ते नको म्हणतील. तरी ताईच्या हातात द्या, तिथे परत येत नाहीत.